पट्टकृमींचे डिंभकोश
ब्रह्मपुरीकडे जंगलकाठी चरणाऱ्या शेळीत कुत्र्याच्या तीन पट्टकृमींचे डिंभकोश वाढू शकतात. सिस्टिसर्कसच्या पाणीदार पिशवीत कृमीचे एकच डोके असते. शेळीत ती बहुधा आतड्यांवरील चरबीच्या पडद्याला लोंबते; डुकरात आढळणारी, माणसाच्या पट्टकृमीची पिशवी मात्र स्नायूंत रुजते. सीन्यूरस मेंदूत वाढतो. त्याच्या आतल्या भिंतीवर डोक्यांचे पांढरे पुंजके दिसतात. मेंदूवर दाब आल्याने शेळी मान वाकडी करून गोल फिरते; कधी कवटीचे हाडही मऊ पडते. हायडॅटिड यकृतात व फुप्फुसांत सावकाश वाढतो. त्याची भिंत जाड व थरांची असून आतील सूक्ष्म पिशव्यांत असंख्य डोकी तयार होतात. असे यकृत कुत्र्याने कच्चे खाल्ले, की त्याच्या विष्ठेतील अंड्यांवाटे तो माणसालाही होतो.