हॉटेलच्या टॅबलेटवर ‘लेट चेकआउट’ दाबलं, म्हणजे ते मिळालंच का?

हाँगकाँगमधल्या बऱ्याच मोठ्या हॉटेलांत बेडशेजारी एक टॅबलेट ठेवलेला असतो. दिवे, पडदे, एसी, जेवणाची ऑर्डर असं सगळं त्यावरून चालतं. पण त्यातली काही बटणं थेट काम करतात, तर काही फक्त निरोप पोहोचवतात. गोंधळ होतो तो इथेच.

आधी भाषा बदला

स्क्रीन चिनी भाषेत असेल तर पृथ्वीगोलाचं चिन्ह किंवा `English` हा शब्द शोधा. तो बहुधा कोपऱ्यात असतो.

दिवे आणि पडदे

ही बटणं दाबली की लगेच परिणाम दिसतो. `Master Off` ने खोलीतले सगळे दिवे एकदम बंद होतात. पडदे बहुतेक वेळा दोन असतात. `Sheer` म्हणजे पातळ जाळीदार पडदा आणि `Blackout` म्हणजे उजेड पूर्ण अडवणारा. सकाळी झोपायचं असेल तर दुसरा बंद करा. पडदा मध्येच अडकला तर जोरात ओढू नका, मोटर बिघडू शकते. टॅबलेटच हँग झाला तर भिंतीवरची बटणं वापरा.

डू नॉट डिस्टर्ब

`Do Not Disturb` किंवा `請勿打擾` दाबलं की दाराबाहेर दिवा लागतो, बऱ्याचदा लाल. अनेक ठिकाणी डोअरबेलही बंद होते. एकदा दार उघडून दिवा लागलाय का ते बघा. तो चालू असेपर्यंत खोलीची सफाई होत नाही आणि जेवण मागवलं तरी वेटर बाहेरच अडकू शकतो. त्यामुळे ऑर्डर देण्याआधी तो बंद करा.

लेट चेकआउट

समजा, चेकआउट दुपारी १२ वाजता आहे आणि मुंबईचं विमान रात्री ८ ला. पाहुण्याने आदल्या रात्री `Late Check-out` (`延遲退房`) उघडून दुपारी ४ ची वेळ निवडली. स्क्रीनवर `Request Sent` आलं. याचा अर्थ एवढाच की विनंती रिसेप्शनला पोहोचली. ती खोली त्याच दिवशी दुसऱ्या कुणाला दिलेली असेल तर नकारही येऊ शकतो. `Confirmed` दिसल्याशिवाय किंवा रिसेप्शनने होकार दिल्याशिवाय वेळ वाढली असं धरू नका.

सोबत पैसेही विचारा. एखाद-दोन तास काही हॉटेलं फुकट देतात, पण ४ वाजेपर्यंत थांबायचं तर अर्ध्या दिवसाचं भाडं लागू शकतं.

होकार मिळाला तरी एक काम उरतं. दाराच्या कार्डात जुनी वेळ भरलेली असते. ती बदलली नाही तर १२ नंतर बाहेरून आल्यावर कुलपावर लाल दिवा लागतो आणि सामान आत राहतं. म्हणून सकाळी नाश्त्याला जाताना रिसेप्शनवर कार्ड द्या आणि नवी वेळ भरून घ्या.