काडीची दुसरी फाक

कडूनिंबाच्या कोवळ्या फांदीची वीतभर काडी तोडायची, पानं ओरबाडायची, एक टोक दाढेखाली धरून चावायचं. मिनिटभरात टोकाची साल सुटते, आतले तंतू मोकळे होतात आणि कडू रस सुटायला लागतो. त्या कुंच्याने दात घासून झाले की चावलेलं टोक तोडून टाकायचं आणि उरलेली काडी नखाने मधोमध उभी चिरायची. दोन फाका होतात. एक फाक दोन्ही हातांनी वाकवली की कमान तयार. ती जिभेवर ठेवून मागून पुढे ओढायची, चूळ भरायची, काडी उकिरड्यावर फेकायची. वऱ्हाडातल्या खेड्यांत दात आणि जीभ ही दोन्ही कामं एकाच काडीने उरकण्याची ही रीत जुन्या पिढीच्या हाताला इतकी बसलेली होती की जिभेसाठी वेगळं काही विकत घ्यावं लागतं, हे तिला सांगूनही पटलं नसतं.

या काडीचं कूळ बरंच जुनं आहे. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात दंतपवन येतं आणि त्याला लागूनच जीभ खरवडायचं साधन. ते सोनं, रुपं, तांबं, कथील किंवा पितळ यांचं असावं, त्याला धार नसावी आणि ते वाकडं असावं, असं तिथे सांगितलं आहे. कारणही दिलं आहे. जिभेच्या मुळाशी साचलेला मळ श्वासाला अडथळा करतो आणि तोंडाला दुर्गंधी आणतो. जिभेच्या टोकाशी नाही, मुळाशी. ही एक बारीक गोष्ट चरकाने अचूक हेरली होती. तिच्याकडे पुढे यावंच लागेल.

सुश्रुताने मापं दिली. दात घासायची काडी बारा अंगुळं लांब, म्हणजे बरोबर एक वीत, आणि करंगळीएवढी जाड. जीभ खरवडायचं साधन दहा अंगुळांचं, मऊ आणि गुळगुळीत. ते सोन्या-रुप्याचं किंवा लाकडाचंही चालतं. काडीसाठी झाडं निवडताना त्याने चवींप्रमाणे एकेक श्रेष्ठ ठरवलं: कडवटात निंब, तुरटात खैर, गोडात मोह आणि तिखटात करंज. अमरावती जिल्ह्यातल्या माणसाने ही यादी वाचली तर त्याला शब्दकोश उघडावा लागणार नाही. निंब गावात दारोदार आहे, करंज ओढ्याकाठी, आणि खैर-मोहासाठी परतवाड्यावरून मेळघाट चढला की झालं. सुश्रुताच्या यादीत बाभूळ मात्र पहिल्या मानाची नाही. काळ्या मातीतल्या वऱ्हाडी शेतकऱ्याने बांधावरची बाभूळ जवळ केली ती हाताशी होती म्हणून, आणि तिची साल तुरट असते म्हणून.

सातव्या शतकात इत्सिंग हा चिनी भिक्खू भारतात आला, नालंद्याला राहिला आणि इथल्या विहारांमधली दिनचर्या त्याने बारकाईने लिहून ठेवली. काडीने दात घासून झाले की तीच फोडून, वाकवून जीभ खरवडतात आणि त्यासाठी तांब्याचं किंवा लोखंडाचं वेगळं साधनही वापरतात, असं तो सांगतो. म्हणजे श्रीमंताचा धातू आणि गरिबाची फाक ही जोडी तेराशे वर्षांपूर्वीही शेजारी शेजारी नांदत होती.

मग ब्रश आला आणि घोळ झाला.

नायलॉनच्या केसांचा ब्रश १९३८ साली अमेरिकेत बाजारात आला. त्याआधीचे ब्रश जनावरांच्या राठ केसांचे असत. इकडे राखुंडी, कोळसा-मीठ यांच्या जागी डब्यातली पावडर आणि नळीतली पेस्ट आली. या धंद्यात विदर्भाचाही हात आहे: मूळचे नागपूरचे केशव पेंढरकर यांनी मुंबईत १९५२ साली विको सुरू केली, ती आयुर्वेदिक दंतमंजन घेऊन. पण काडीची दोन कामं होती आणि ब्रशने त्यातलं एकच उचललं. दुसरी फाक कोणी विकत दिली नाही. ज्या घरात तांब्या-पितळेची पट्टी होती तिथे जीभ खरवडणं टिकलं. बाकीच्या घरांत ते ब्रशच्या पाठीवरच्या खरबरीत रबरावर आलं, किंवा बंदच पडलं. काही घरांत मंजनाच्या नावाखाली मशेरी शिरली. मंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला सरकारने १९९२ साली बंदी केली, पण तव्यावर तंबाखू भाजायला कारखाना लागत नाही.

आता चरकाच्या त्या मुळाकडे. जिभेचा वरचा भाग गालिच्यासारखा आहे: बारीक उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खाचा. पुढचा भाग बोलताना, खाताना टाळूवर घासून आपोआप साफ होतो. मागचा तिसरा हिस्सा घासला जात नाही. तिथे झडलेल्या पेशी, अन्नाचे कण आणि नाकातून घशात उतरलेला शेंबूड साचतो. त्याच्या तळाशी हवा पोचत नाही, आणि हवेवाचून जगणारे जंतू तिथे प्रथिनं कुजवून गंधकयुक्त वायू सोडतात. त्यातला एक हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याचा वास. तोंडाच्या दुर्गंधीमागे बहुतेक वेळा पोट नसतं, तोंडच असतं. झोपेत लाळ आटते, म्हणून सकाळी वास जास्त. अकोल्याचा मे महिना आणि पाणी कमी पिण्याची सवय एकत्र आली तर दिवसाही तोंड कोरडं पडून तेच होतं.

स्वतःचा वास स्वतःला येत नाही. त्यासाठी स्टीलचा चमचा उलटा धरून जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच ओढावा, चमच्यावर आलेला थर थोडा वाळू द्यावा आणि हुंगावा. पिवळट थर आणि कुबट वास आला तर काम जिभेवर आहे. पट्टी जमेल तितकी मागे ठेवून, श्वास सोडत, अलगद पुढे ओढायची. तीन-चार वेळा, दरवेळी धुऊन. उबळ येत असेल तर मधूनच सुरुवात करून रोज थोडं मागे सरकायचं. रक्त आलं तर जोर जास्त झाला किंवा पट्टीची कड खराब झाली. तांब्याला जंतू मारायला वेळ लागतो. दोन सेकंदांच्या ओढण्यात त्याचा गुण फारसा उतरत नाही, तेव्हा स्टीलची पट्टीही चालते. ब्रशपेक्षा पट्टी थर जास्त काढते, पण परिणाम फार काळ टिकत नाही, जंतू पुन्हा वाढतात. म्हणून खरवडणं रोजचं. आणि वास हिरड्यांतून किंवा किडलेल्या दाढेतून येत असेल तर जीभ कितीही चकचकीत केली तरी तो जात नाही.

घशाचं काय? पोराचा घसा दर महिन्याला धरतो, मग जीभ घासून थांबेल का, असं आई विचारते तेव्हा उत्तर जपून द्यावं लागतं. घसा दुखण्याची बहुतेक कारणं विषाणू असतात. ते हातांतून, खोकल्यातून, वर्गातल्या शेजाऱ्याकडून येतात, जिभेच्या थरातून नाही. साध्या पाण्याच्या गुळण्यांनी सर्दी-घशाचा त्रास कमी झाल्याचं जपानमधल्या एका अभ्यासात दिसलं आहे. जीभ खरवडण्याच्या बाजूने तेवढाही पुरावा नाही. टॉन्सिलच्या खाचांमध्ये पांढरे, वासट खडे होतात, त्यांना गुळण्यांचा उपयोग होतो, पट्टी तिथे पोचतच नाही. ताप आहे, खोकला नाही, टॉन्सिलवर पू आहे आणि जबड्याखालच्या गाठी दुखतात, असं असेल तर ते स्ट्रेप्टोकोकस असू शकतं. त्याला डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक पूर्ण घ्यावं लागतं, नाहीतर काही मुलांत पुढे हृदयाच्या झडपा बिघडतात.

सुश्रुताने इथेही एक अट घातली होती, ती काडी विकणाऱ्यांच्या लक्षात राहिली नाही: घसा, टाळू, ओठ किंवा जीभ दुखणाईत असेल, तोंड आलं असेल, खोकला किंवा उचकी असेल, तर दंतकाष्ठ वापरू नये. आज वऱ्हाडात ही अट सर्वात जास्त लागू पडते ती खर्रा खाणाऱ्यांना. सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या त्या घोटलेल्या मिश्रणाने गालाच्या आतली कातडी ताठ होते आणि तोंड हळूहळू उघडेनासं होतं. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील, किंवा जिभेवरचा, गालावरचा पांढरा चट्टा खरवडूनही निघत नसेल, तर पट्टी बाजूला ठेवून दातांच्या डॉक्टरांना तोंड दाखवायचं. तो मळ नव्हे.