आंतरक्रिया आलेख : वाचन आणि अहवाललेखन

आंतरक्रिया आलेख : टू-वे अ‍ॅनोव्हामध्ये, म्हणजे दोन घटकांच्या प्रचरण विश्लेषणात, प्रत्येक गटाची सरासरी बिंदूने दाखवून एका घटकाच्या प्रत्येक पातळीचे बिंदू रेषेने जोडले, की तयार होणारा आलेख. एका घटकाचा परिणाम दुसऱ्या घटकाच्या पातळीनुसार बदलतो का, या एका प्रश्नासाठी तो काढतात. रेषा समांतर असतील तर परिणाम सगळीकडे सारखा आहे. नसतील तर तो बदलत असावा, असे प्रथमदर्शनी म्हणता येते.

हा प्रश्न मानसशास्त्रात शेतीतून आला. रोनाल्ड फिशर आणि विनिफ्रेड मॅकेन्झी यांनी १९२३ मध्ये रॉदमस्टेड येथील बटाट्याच्या प्रयोगावर प्रचरण विश्लेषण प्रसिद्ध केले. वेगवेगळे वाण खताला वेगवेगळा प्रतिसाद देतात का, हे त्यांना पाहायचे होते आणि उत्तर नकारार्थी आले. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या पाठ्यपुस्तकातून ही पद्धत भारतातील कृषी संशोधकांच्या पिढ्यांनी शिकली. मानसशास्त्राचा विद्यार्थी वाणाच्या जागी माणसांचा गट आणि खताच्या जागी प्रायोगिक स्थिती ठेवतो. गणित तेच राहते.

एक उदाहरण. पुढील आकडे सरावासाठी रचलेले आहेत, ते प्रत्यक्ष पाहणीतील नाहीत. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. वरच्या अंगाला असलेल्या येलदरी धरणातून सोडलेले पाणी सिद्धेश्वरमध्ये येते आणि तेथून कालव्यांत जाते. या व्यवस्थेची माहिती देणारा एक उतारा मराठीत आणि तोच इंग्रजीत तयार केला आहे, असे समजू. परिसरातील दहावीचे ४० विद्यार्थी घेतले : २० पूर्ण मराठी माध्यमाचे, आणि २० सेमी इंग्रजीचे, म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकणारे. प्रत्येक माध्यमातील निम्म्या विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून मराठी उतारा दिला, निम्म्यांना इंग्रजी. वाचनानंतर २० गुणांची स्मरण चाचणी झाली. प्रत्येक गटात १० विद्यार्थी, आणि सरासरी गुण असे (कंसात प्रमाण विचलन) :

| माध्यम | मराठी उतारा | इंग्रजी उतारा |
|---|---|---|
| मराठी | १४.० (२.४) | ९.० (२.६) |
| सेमी इंग्रजी | १३.० (२.५) | १२.० (२.५) |

आर या संगणक प्रणालीत आलेख आणि विश्लेषण दोन ओळींत होते. येथे `madhyam` हे माध्यम, `utara` ही उताऱ्याची भाषा आणि `gun` हे गुण :

```r
interaction.plot(d$utara, d$madhyam, d$gun)
summary(aov(gun ~ madhyam * utara, data = d))
```

सर्व गट सारख्या आकाराचे असल्याने येथे ही आज्ञा पुरते. गट लहानमोठे असतील तर `aov` मध्ये घटक लिहिण्याचा क्रम बदलल्याने मुख्य परिणामांचे आकडे बदलतात. एसपीएसएस मात्र एरवी तिसऱ्या प्रकारची वर्गबेरीज वापरते. एकाच माहितीवर दोन मित्रांची उत्तरे जुळत नाहीत, त्याचे कारण बहुधा हेच असते.

आलेखाचे वाचन. आधी दोन उतार पाहावेत. मराठी माध्यमाची रेषा १४ वरून ९ वर उतरते, म्हणजे फरक ५ गुणांचा. सेमी इंग्रजीची रेषा १३ वरून १२ वर येते, म्हणजे फरक १ गुणाचा. आंतरक्रिया म्हणजे या दोन फरकांमधील फरक : ५ वजा १, म्हणजे ४ गुण. आलेखात पाहायचे ते एवढेच, आणि अहवालात शब्दांत मांडायचेही एवढेच. रेषा किती तिरक्या दिसतात हे मात्र उभ्या अक्षावर अवलंबून असते. अक्ष ८ ते १५ एवढाच घेतला तर ५ गुणांची घसरण कड्यासारखी वाटते, ० ते २० घेतला तर तीच सौम्य दिसते. चाचणी २० गुणांची असल्याने पूर्ण अक्ष घेणे प्रामाणिकपणाचे आहे. सरासरी २० च्या अगदी जवळ गेल्या असत्या तर रेषा वरच्या मर्यादेला टेकून आवळल्या गेल्या असत्या आणि केवळ त्यामुळे खोटी आंतरक्रिया दिसू शकली असती. सर्वोच्च सरासरी १४ असल्याने येथे ती शंका उरत नाही.

विद्यार्थ्यांची सर्वांत जास्त फसगत रेषांच्या छेदण्यावर होते. आडव्या अक्षावर उताऱ्याची भाषा ठेवली तर वरील दोन रेषा एकमेकींना छेदतात. आडव्या अक्षावर माध्यम ठेवून तीच माहिती पुन्हा काढावी : मराठी उताऱ्याची रेषा १४ वरून १३ वर जाते, इंग्रजी उताऱ्याची ९ वरून १२ वर चढते, आणि दोन्ही कुठेच भेटत नाहीत. माहिती तीच, चित्र वेगळे. म्हणून ‘रेषा छेदतात, म्हणून आंतरक्रिया आहे’ हे वाक्य चुकीचे ठरते. रेषा न छेदताही आंतरक्रिया असते. समांतर नसणे पुरेसे असते. शिवाय येथील छेद मराठी उताऱ्यावरील १४ आणि १३ या एका गुणाच्या फरकावर उभा आहे, आणि तो फरक सार्थक नाही (`F(1, 36) = 0.80, p = .38`). त्यामुळे मराठी उताऱ्यावर मराठी माध्यमाची मुले सरस ठरली, असा निष्कर्ष या माहितीतून निघत नाही. दोन्ही प्रकारे आलेख काढून पाहावा आणि ज्यात आपले गृहीतक सरळ वाचता येते तो अहवालात द्यावा.

दोन्ही बाजूंनी छेद असलेले प्रसिद्ध उदाहरण डंकन गॉडन आणि अ‍ॅलन बॅडली यांच्या १९७५ च्या प्रयोगाचे आहे. पाणबुड्यांनी शब्दांच्या याद्या काठावर किंवा पाण्याखाली पाठ केल्या आणि काठावर किंवा पाण्याखाली आठवल्या. काठावर शिकलेले काठावर सरासरी १३.५ शब्द आठवले, पाण्याखाली ८.६, पाण्याखाली शिकलेले पाण्याखाली ११.४, काठावर ८.४. हा आलेख कोणत्याही अक्षाने काढला तरी रेषा छेदतात. शिकण्याची जागा किंवा आठवण्याची जागा एकटी घेतली तर फारसे काही कळत नाही. दोन्ही जागा जुळतात की नाही, यावर सगळे अवलंबून आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुनरावृत्तीत मात्र हा परिणाम आढळला नाही, हे हा आलेख उद्धृत करणाऱ्याने नोंदवावे.

आकड्यांची साथ. आलेख नमुन्याचे चित्र असतो. नमुन्यातील रेषा नेमक्या समांतर जवळजवळ कधीच येत नाहीत, म्हणून निकाल `F` चाचणीवर सोपवावा लागतो. येथे आंतरक्रियेची वर्गबेरीज ४० आणि त्रुटीचे प्रचरण ६.२५; भागाकार ६.४०. स्वाधीनता मात्रा १ आणि ३६ असताना `p = .016`. उताऱ्याच्या भाषेचा मुख्य परिणाम सार्थक आहे (`F(1, 36) = 14.40, p < .001`), माध्यमाचा नाही (`F(1, 36) = 1.60, p = .21`).

भाषेच्या मुख्य परिणामाशी थांबून ‘मराठी उतारा सर्वांना अधिक लक्षात राहतो’ असे लिहिले तर अहवाल चुकतो. १३.५ आणि १०.५ या एकत्रित सरासरींमधील ३ गुणांचा फरक हा ५ आणि १ यांची सरासरी आहे. तो यातील कोणत्याच गटाचे वर्णन करत नाही. आंतरक्रिया सार्थक आली की प्रत्येक माध्यमात भाषेचा साधा परिणाम स्वतंत्रपणे तपासावा. मराठी माध्यमात तो ठळक आहे (`F(1, 36) = 20.00, p < .001`), सेमी इंग्रजीत नाही (`F(1, 36) = 0.80, p = .38`).

हाच क्रम उलटा केला की मोठी चूक होते. एका गटात फरक सार्थक आणि दुसऱ्यात नाही, एवढ्यावरून गट वेगळे आहेत असे ठरत नाही. फरकांमधील फरकाचीच चाचणी व्हावी लागते. निउवेनहाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नामांकित नियतकालिकांतील चेताविज्ञानाच्या लेखांची छाननी केली, तेव्हा ही चूक होऊ शकेल अशा १५७ लेखांपैकी ७९ लेखांत ती सापडली. पदवीच्या विद्यार्थ्याने तिच्यापासून जपणे म्हणूनच आवश्यक आहे. एरर बार एकमेकांवर येतात की नाही, हेही आंतरक्रियेचे प्रमाण नव्हे. ते बार प्रमाण विचलन, प्रमाण त्रुटी आणि ९५ टक्के विश्वास अंतराल यांपैकी काय दाखवतात, हे आकृतीखाली लिहिले नाही तर वाचणाऱ्याला त्यांचा अर्थच लावता येत नाही.

अहवाल. निकालाचा परिच्छेद असा लिहिता येईल :

‘माध्यम आणि उताऱ्याची भाषा यांची आंतरक्रिया सार्थक होती, `F(1, 36) = 6.40, p = .016, ηp² = .15`. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी उताऱ्यापेक्षा (`M = 9.0, SD = 2.6`) मराठी उतारा (`M = 14.0, SD = 2.4`) अधिक आठवला, `F(1, 36) = 20.00, p < .001`. सेमी इंग्रजीच्या विद्यार्थ्यांत मराठी (`M = 13.0, SD = 2.5`) आणि इंग्रजी (`M = 12.0, SD = 2.5`) उताऱ्यांत सार्थक फरक आढळला नाही, `F(1, 36) = 0.80, p = .38`. दोन गटांमधील भाषाफरकातील तफावत ४ गुणांची होती, ९५ टक्के विश्वास अंतराल ०.७९ ते ७.२१.’

यानंतर मुख्य परिणाम द्यावेत, पण त्यांचा अर्थ आंतरक्रियेच्या अधीन राहूनच लावावा. एसपीएसएस `.000` दाखवते तेव्हा `p < .001` लिहावे, कारण `p` शून्य नसतो. ‘फरक आढळला नाही’ याचा अर्थ ‘दोन्ही उतारे सारखेच आठवतात’ असा करू नये. १० जणांच्या गटात एका गुणाचा फरक सहज दडून राहू शकतो. विश्वास अंतरालाची रुंदीही तेच सांगते : आंतरक्रिया एका गुणाहून कमी असू शकते किंवा सातच्या वरही.

निष्कर्षाच्या भाषेवर आराखड्याचे बंधन असते. उतारा चिठ्ठीने वाटला होता, म्हणून उताऱ्याच्या भाषेमुळे गुण बदलले असे म्हणता येते. माध्यम चिठ्ठीने वाटलेले नव्हते. सेमी इंग्रजीत जाणारी मुले घरची परिस्थिती, शिकवणी किंवा आधीचे गुण यांतही वेगळी असू शकतात. म्हणून ‘सेमी इंग्रजीमुळे इंग्रजी उतारा सोपा गेला’ असे न लिहिता ‘सेमी इंग्रजीच्या विद्यार्थ्यांत भाषेचा परिणाम कमी दिसला’ असे लिहावे.

प्रत्येक विद्यार्थ्याला दोन्ही भाषांतील उतारे दिले असते, तर त्याचे दोन गुण परस्परसंबंधित असल्याने हे विश्लेषण चालले नसते. गॉडन-बॅडली प्रयोगात प्रत्येक पाणबुड्या चारही स्थितींतून गेला होता. तेथे पुनरावर्ती मापनाचे विश्लेषण लागते. त्याची त्रुटी आणि स्वाधीनता मात्रा वेगळ्या येतात, जरी सरासरींचा आलेख दिसायला अगदी असाच असला तरी. म्हणून आकृतीखालच्या ओळीत आराखड्याचा प्रकार आणि प्रत्येक गटातील संख्या द्यावी लागते; केवळ रेषांवरून वाचकाला ते ओळखता येत नाही.