गुरांचा अतिचार

दुसऱ्याच्या शेतात गुरे शिरून उभे पीक खाणे. वरवट बकाल (ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा) परिसरात कपाशी, तुरीवरून असे तंटे होतात. 1871च्या गुरे अतिचार अधिनियमानुसार शेतकरी नुकसान करणारी गुरे धरू शकतो. मात्र ती 24 तासांत कोंडवाड्यात पोचवावी लागतात. घरी बांधून पैसे मागणे त्यात बसत नाही. धरलेली गुरे जबरदस्तीने सोडवणे हा गुन्हा आहे. मालक दंड व चाऱ्याचा खर्च भरून गुरे सोडवतो, पण त्या दंडाने खाल्लेल्या पिकाची भरपाई होत नाही. खरी मेख इथेच आहे. भरपाईसाठी दिवाणी दावा वेगळा करावा लागतो. म्हणून खुरांचे माग, खाल्लेली बोंडे नाहीशी होण्याआधी पंचनामा करून घ्यावा.