डोललेल्या मानेचा दोष कुणाचा?

कर्जत-खालापूरच्या ठाकर-कातकरी वाड्यांवर काम करणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: 'ही माणसं सगळ्याला हो म्हणतात आणि घरी जाऊन भलतंच करतात.' असं म्हणणारे लोक निष्ठुर नसतात. त्यांतले कितीतरी भर पावसात वाडी चढून औषधं पोचवतात. त्यांचं म्हणणं असं : शिक्षण कमी, सरकारी माणसाचा धाक, त्यातून मोठ्यांचा शब्द न मोडण्याची रीत; म्हणून न समजताही मान डोलते. शिक्षण वाढलं की हे आपोआप थांबेल.

यातला धाक खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण निदान चुकलेलं आहे.

अशिक्षितपणा हेच कारण असतं तर शिकलेल्यांनी मान डोलवली नसती. शहरातला पदवीधर मोठ्या डॉक्टरांसमोर काय करतो? अर्धे शब्द कळलेले नसतात, तरी 'हो डॉक्टर' म्हणून बाहेर येतो आणि मग औषधाच्या दुकानदाराला विचारतो की कुठली गोळी कधी घ्यायची. उलट, दवाखान्यात गप्प बसणारी कातकरी बाई रानभाजीची टोपली घेऊन कर्जतच्या बाजारात बसली, की भावाचा एक शब्द अंगावरून जाऊ देत नाही. माणूस तोच, बुद्धी तीच. मग बदललं काय? संभाषण बदललं. बाजारात उलट विचारणं हाच व्यवहार असतो. दवाखान्यात एक सांगतो आणि दुसऱ्याने ऐकायचं असतं.

ऐकणारा मध्ये मध्ये जे 'हं', 'हो' म्हणतो, त्याचा अभ्यास झालेला आहे. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1982 मध्ये दाखवून दिलं की असे उद्गार मुख्यतः 'बोला, मी ऐकतोय' एवढंच सांगतात. समजल्याची ती पावती नसते. ती पावती आपण आपल्या मनाने फाडतो. आणि शेवटी विचारतो काय, तर 'समजलं ना?' या प्रश्नाला 'नाही' म्हणणं म्हणजे आपण मठ्ठ आहोत असं कबूल करणं, सांगणाऱ्यालाही कमीपणा आणणं आणि मागची रांग थांबवणं. 'हो' म्हटलं की सगळे मोकळे. असा प्रश्न विचारून आपण उत्तर मागतो, की सुटका?

तरी तक्रारदार म्हणतील, न समजता हो म्हणणं हा खोटेपणाच. इथे मला सर्वांत जास्त हरकत आहे, कारण बहुतेक वेळा ते खोटं नसतंच. एक उदाहरण घ्या. बाळाला जुलाब झालेत. आरोग्य केंद्रात आईला जलसंजीवनीची पुडी देतात आणि सांगतात, पाण्यात कालवून थोडं थोडं पाजा. ती हो म्हणते. तिला खरोखरच समजलेलं असतं, कारण अशी पुडी तिने आधी पाहिली आहे. मागे दुकानातून आणलेली लहान पुडी 200 मिलिलिटरची, म्हणजे पेलाभर पाण्याची होती. आताची आहे एक लिटरची. ती ही पुडीही पेल्यातच ओतते. पाणी पाचपट खारट होतं आणि बाळाच्या रक्तात मीठ धोकादायक वाढू शकतं. या बाईला अडाणी म्हणाल? तिने अनुभवाचा आधार घेतला. चूक तिच्या होकारात नव्हती, 'पाण्यात' या मोघम शब्दात होती.

ही चूक 'समजलं ना?' विचारून कधीच सापडणार नाही. 'घरी कशात कालवणार, ते दाखवा' म्हटलं की सापडते. समोर पेला आणि एक लिटरची बाटली ठेवा. तिने पेल्याला हात लावला की तिथल्या तिथे कळतं. सांगितलेलं परत सांगायला लावण्याची ही रीत जगभर वापरात आहे. मात्र शाळेतल्यासारखी परीक्षा घेतली तर तीही फसते; बाई पुन्हा गप्प होईल. म्हणून सुरुवात स्वतःपासून करायची : 'मी नीट सांगितलं का ते बघते, ताई. तुम्ही घरी काय करणार?' उत्तर चुकलं तर पुन्हा सांगायचं, तेही वेगळ्या शब्दांत.

उरतो एक आक्षेप : एवढा वेळ कुणाला आहे? रांग मोठी असते, हे मान्य. पण सगळं वदवून घ्यायची गरज नाही. जिथे चुकलं तर बाळाला बाधतं तेवढंच विचारायचं. जुलाबात अशा जागा दोनच. एक पाण्याचं माप. दुसरी झिंकची गोळी, जी 14 दिवस द्यायची असते आणि जुलाब थांबले की घरोघर बंद होते. तिच्यासाठी एक प्रश्न पुरतो : 'परवा जुलाब थांबले, तर उरलेल्या गोळ्यांचं काय कराल?' याला 'हो' हे उत्तरच होऊ शकत नाही.