दीडशेची वंशावळ

समजा, लातूरच्या एका शिकवणीवर्गाच्या सराव परीक्षेचा निकाल दुपारी एक वाजता लागणार आहे. मुलं लातूरची आहेत, नांदेडची आहेत, उदगीर-देगलूरचीही आहेत. एक वाजून काही सेकंद होतात आणि निकालाचं पान उघडेनासं होतं. मोबाइलवर चक्र नुसतं फिरत राहतं. सर्व्हर सांभाळणारा माणूस घाईघाईने मेमरी बघतो, तर १६ जीबीपैकी ११ जीबी मोकळी. प्रोसेसरही जवळजवळ निवांत. अपाचीच्या एरर लॉगमध्ये मात्र ही नोंद पडलेली असते:

```
AH00161: server reached MaxRequestWorkers setting,
consider raising the MaxRequestWorkers setting
```

म्हणजे मशिनीत जागा आहे, पण अपाची आणखी माणसं कामाला घ्यायला तयार नाही. सेटिंगची फाइल उघडली की तिथे बहुतेक वेळा आकडा दिसतो १५०. हा आकडा ना लातूरच्या त्या माणसाने लिहिलेला असतो, ना त्याला मशीन विकणाऱ्याने. तो बराच जुना आहे आणि त्याच्या जन्माचा मेमरीशी थेट संबंध नाही.

१९९३ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात रॉब मॅकूल यांनी एक वेब सर्व्हर लिहिला. त्याची रीत साधी होती. कुणी पान मागितलं की मूळ प्रोसेस आपली एक प्रत काढायची, ती प्रत उत्तर द्यायची आणि संपायची. गर्दी कमी होती तोवर हे चाललं. पण दर मागणीला नवी प्रोसेस जन्माला घालायची आणि लगेच मारायची, यातच मशिनीचा बराच वेळ जाऊ लागला. १९९४ च्या मध्यावर मॅकूल एनसीएसए सोडून गेले आणि सर्व्हरची वाढ थांबल्यासारखी झाली. तो वापरणारे लोक आपापल्या दुरुस्त्या एकमेकांना पाठवू लागले. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांच्यातल्या आठ जणांनी अपाची गट स्थापन केला.

त्या आठांपैकी रॉबर्ट थाऊ यांनी सर्व्हरची नवी रचना केली. तिचं कामचलाऊ नाव होतं ‘शंभाला’. मागणी आल्यावर प्रोसेस काढण्याऐवजी आधीच काही प्रोसेस काढून तयार ठेवायच्या, गर्दी वाढली की आणखी काढायच्या, ओसरली की कमी करायच्या, ही तिच्यातली एक मुख्य कल्पना. हिलाच पुढे प्रीफोर्क म्हणू लागले. ऑगस्ट १९९५ च्या ०.८.८ या आवृत्तीत ही रचना आली आणि १ डिसेंबर १९९५ ला अपाची १.० प्रसिद्ध झालं.

प्रोसेस आपोआप वाढू लागल्या की त्या कुठे थांबायच्या हा प्रश्न येतोच. म्हणून कोडमध्येच एक पक्की वरची मर्यादा घालण्यात आली. तिच्या शेजारी प्रोग्रामरांनी टिपण लिहून ठेवलं आणि त्यात दोन कारणं दिली. पहिलं कारण असं, की काहीतरी बिघडलं आणि प्रोसेसमागून प्रोसेस निघत राहिल्या, तर ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतले तक्ते भरून अख्खं मशीन बसेल, त्याआधी हे थांबलं पाहिजे. दुसरं कारण स्कोअरबोर्डचं. कुठली प्रोसेस काम करतेय आणि कुठली रिकामी आहे याचा हा हजेरीपट. प्रत्येक प्रोसेसला त्यात एक ओळ असते. काही मशिनींवर तो चक्क डिस्कवरची फाइल असे आणि मूळ प्रोसेस तो पुन्हा पुन्हा वाचत राही. ओळी जितक्या जास्त, तितकं वाचणं जड. म्हणून पट आटोपशीर हवा होता. दोन्ही कारणांत मेमरी किती शिल्लक आहे याचा विचार कुठेच नाही.

अपाची १.३ मध्ये ही वरची मर्यादा २५६ होती आणि सोबत मिळणाऱ्या नमुना फाइलीत `MaxClients` समोर १५० लिहिलेलं होतं. मेमरीचा विचार आला तो मार्गदर्शनातून. एका प्रोसेसला किती मेमरी लागते ते मोजा, मशिनीतल्या मेमरीला त्याने भागा आणि येईल तो आकडा घाला, असं प्रशासकांना सांगितलं जाई. मर्यादा फार मोठी ठेवली तर मशीन डिस्कला मेमरीसारखं वापरायला लागायचं आणि सगळंच गोगलगायीच्या चालीने चालायचं. पण हा भागाकार माणसाने करायचा होता. अपाचीने तो तेव्हाही केला नाही आणि आजही करत नाही. मशिनी ६४ एमबीच्या १६ जीबीच्या झाल्या, भागाकार पुन्हा कुणी केला नाही, आकडा तसाच राहिला.

मधल्या काळात नियम थोडे सैल झाले. २००२ च्या अपाची २.० पासून २५६ ची भिंत वाढवण्यासाठी अपाची नव्याने बांधावं लागेनासं झालं. त्यासाठी `ServerLimit` ही सेटिंग आली. २०१२ च्या २.४ मध्ये `MaxClients` चं नाव `MaxRequestWorkers` झालं. डेबियन आणि उबुंटूवर प्रीफोर्कच्या फाइलीत मात्र आजही तोच १५० येतो.

या आकड्याने दुसऱ्या घरातही वंश वाढवला. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एकावेळी किती जोडण्या घ्यायच्या याची मूळ मर्यादा आधी १०० होती. ती पुढे १५१ करण्यात आली आणि अपाचीबरोबर वापरताना कामगिरी सुधारावी म्हणून, असं कारण मायएसक्यूएलच्या पुस्तिकेत दिलेलं होतं. अपाचीचे दीडशे आणि वर एक.

आता निकालाच्या दुपारकडे वळून आकडेमोड करू. सोयीसाठी दर विद्यार्थ्याची एकच जोडणी धरू. सेकंदाला ४० विद्यार्थी येतात आणि निकालाचं पान बनवायला ०.४ सेकंद लागतो. ४० ला ०.४ ने गुणलं की १६. म्हणजे कुठल्याही क्षणी फक्त १६ प्रोसेस खऱ्या कामात असतात. मग १५० कशा भरल्या?

भरल्या त्या कीप-अलाइव्हमुळे. पान देऊन झाल्यावर जोडणी लगेच तोडायची नाही, ब्राउझर आणखी काही मागेल म्हणून थोडं थांबायचं, अशी ही सोय आहे. २.४ मध्ये हे थांबणं ५ सेकंदांचं असतं. प्रीफोर्कमध्ये तेवढा वेळ अख्खी प्रोसेस त्या एका विद्यार्थ्यासाठी अडकून राहते. तो निकाल बघून कधीच आईला फोन लावायला गेलेला असतो. आता ४० ला ५.४ ने गुणा. उत्तर २१६ येतं. दीडशे प्रोसेस सेकंदाला जेमतेम २८ जणांना वाट करून देतात आणि दर सेकंदाला १२ जण मागे साचतात.

साचलेले लगेच परत पाठवले जात नाहीत. ते ऑपरेटिंग सिस्टिमच्या रांगेत उभे राहतात. अपाची या रांगेची लांबी ५११ मागतं, पण जुन्या लिनक्समध्ये सिस्टिमची स्वतःची मर्यादा १२८ च असते आणि तीच लागू होते. सेकंदाला १२ या हिशेबाने ५११ ची रांग पाऊण मिनिटाच्या आत भरते, १२८ ची तर दहा-अकरा सेकंदांत. त्यानंतर येणाऱ्याला लिनक्स सहसा नकारही कळवत नाही, त्याची विनंती गुपचूप टाकून देतं. म्हणून मोबाइलवर चक्र फिरत राहतं.

हे घडतंय का ते असं बघता येतं:

```
free -m
pgrep -c apache2
ss -ltn 'sport = :443'
```

पहिल्या ओळीने मोकळी मेमरी कळते. दुसरीने प्रोसेसची संख्या कळते आणि ती दीडशेच्या आसपास येऊन थबकलेली दिसते. तिसरीत `Recv-Q` खाली रांगेत उभे असलेले दिसतात आणि `Send-Q` खाली रांगेची खरी लांबी. एरर लॉगमधली ती ओळ प्रीफोर्क एकदाच लिहितं, नंतर मर्यादा कितीही वेळा गाठली तरी पुन्हा लिहीत नाही. त्यामुळे लॉग आज शांत आहे म्हणून प्रश्न मिटला असं समजू नये. अपाचीचं स्वतःचं स्थितीपान, म्हणजे `server-status`, सगळ्यात बोलकं असतं. मात्र ऐन गर्दीत ते मागणाऱ्यालाही त्याच रांगेत उभं राहावं लागतं, म्हणून रांग भरण्याआधीच ते बघायला हवं.

स्थितीपानावर प्रत्येक प्रोसेसचं एक अक्षर दिसतं आणि उपाय त्यावर ठरतो. बहुतेक `K` असतील तर प्रोसेस कीप-अलाइव्हमध्ये अडकल्या आहेत. आपल्या उदाहरणात `KeepAliveTimeout` २ केला की ४० ला २.४ ने गुणून ९६ येतात आणि जुन्या दीडशेतच काम भागतं. मेमरीला हातही लावावा लागत नाही.

तरीही मर्यादा वाढवायचीच असेल तर तो जुना भागाकार स्वतः करायचा. गर्दीच्या वेळी ११ जीबी मोकळी आहे. त्यातली ३ जीबी राखून ठेवली आणि एका प्रोसेसची स्वतःची मेमरी ३० एमबी निघाली, तर आणखी अडीचशे प्रोसेस सहज बसतात. इथे `top` मधला एकूण आकडा घेतला तर फसगत होते, कारण त्यात सगळ्या प्रोसेसची सामायिक मेमरी प्रत्येकीच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजलेली असते.

```
ServerLimit         400
MaxRequestWorkers   400
```

पहिली ओळ विसरली तर अपाची इशारा देऊन आकडा २५६ वर आणतं. आणि `reload` पुरत नाही, अपाची पूर्ण थांबवून सुरू करावं लागतं, कारण हजेरीपटाची लांबी सुरुवातीलाच ठरते. १९९५ चा तो पट असा अजून आडवा येतो.

बहुतेक अक्षरं `W` असतील तर मामला वेगळा असतो. प्रोसेस खरोखर कामात आहेत आणि बहुधा डेटाबेसच्या उत्तराची वाट बघत आहेत. निकालाच्या तक्त्याला इंडेक्स नसला आणि एक शोध दहा सेकंद घेऊ लागला, तर सेकंदाला ४० जण चारशेही प्रोसेस अडकवतात. त्या चारशे जणी मायएसक्यूएलच्या दारात गेल्या की १५१ आत जातात आणि बाकीच्यांना `Too many connections` मिळतं. आधी विद्यार्थी ताटकळत होता, आता त्याला एररचा संदेश दिसतो. अशा वेळी मर्यादा वाढवल्याने अडचण एका दारातून उठून पुढच्या दारात जाते.

प्रीफोर्क सोडून देण्याचा मार्गही आहे. अपाची २.४ मधल्या इव्हेंट पद्धतीत नुसत्या थांबलेल्या जोडण्या एक स्वतंत्र थ्रेड सांभाळतो आणि कामकरी थ्रेड मोकळे होतात. पण पीएचपी अपाचीच्या आतच चालवत असू तर ते सहसा प्रीफोर्कलाच बांधलेलं असतं. इव्हेंट वापरायचं तर पीएचपी बाहेर काढून पीएचपी-एफपीएममध्ये चालवावं लागतं. तिथे `pm.max_children` नावाची मर्यादा असते आणि सोबत येणाऱ्या फाइलीत तिचा आकडा असतो ५. म्हणून पद्धत बदलली तरी निकालाच्या आदल्या दिवशी सेकंदाला किती येतील, प्रत्येक जण किती सेकंद अडकवेल आणि अपाची, पीएचपी, डेटाबेस या तिन्हींच्या दारात आकडा काय लिहिलेला आहे, एवढा हिशेब कागदावर मांडावाच लागतो. मेमरी किती मोकळी आहे हा त्या हिशेबातला सगळ्यात शेवटचा रकाना.