व्याजदर आणि उद्याचा पौंड : १९२३ सालचे एक समीकरण

१/ लंडनमध्ये पैशाला वर्षाला ६ टक्के व्याज मिळते आणि न्यूयॉर्कमध्ये ४ टक्के. मग न्यूयॉर्कच्या सावकाराने सारी रक्कम लंडनला का पाठवू नये? या प्रश्नाचे नेमके उत्तर जॉन मेनार्ड केन्स यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या गोंधळात मांडले. हा धागा त्या उत्तराचा आणि त्याच्या मर्यादांचा.

२/ युद्धकाळात पौंडाचा भाव सुमारे ४.७६ डॉलरला बांधून ठेवलेला होता. मार्च १९१९ मध्ये हा आधार काढून घेतला गेला आणि फेब्रुवारी १९२० पर्यंत पौंड सुमारे ३.२० डॉलरवर उतरला. अमेरिकेतून कापूस मागवणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याला तीन महिन्यांनी डॉलर द्यायचे असत. तेव्हा भाव काय असेल, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

३/ यावर उपाय होता वायद्याचा. बँकेशी आजच करार करायचा : तीन महिन्यांनी अमुक दराने डॉलर घेईन. आजचा तो हजर दर आणि पुढच्या तारखेचा तो वायदा दर. वायदा दर म्हणजे बाजाराने वर्तवलेले भविष्य, अशी सर्वसाधारण समजूत असते. केन्स यांनी दाखवले की त्या दराचा मुख्य आधार भाकीत नसून दोन शहरांतील व्याजदरांमधला फरक आहे.

४/ सोपे आकडे कल्पनेने घेऊ. हजर दर : १ पौंड = ४ डॉलर. न्यूयॉर्कच्या बँकेने तेथे ४,००० डॉलर तीन महिन्यांसाठी कर्जाऊ घेतले. वर्षाला ४ टक्के म्हणजे तिमाहीला १ टक्का. परतफेड ४,०४० डॉलर. त्या रकमेचे १,००० पौंड करून लंडनमध्ये ठेवले. तेथे तिमाहीला दीड टक्का. हाती येणार १,०१५ पौंड.

५/ आता समजा, वायदा दरही ४ डॉलरच आहे. बँक ते १,०१५ पौंड आजच वायद्याने विकून टाकते. मिळणार ४,०६० डॉलर. कर्ज फेडून २० डॉलर उरतात. पौंड चढो वा कोसळो, नफा आजच पक्का झाला.

६/ असा नफा दिसताच सगळेच धावतात. सगळे हजर पौंड विकत घेतात आणि वायद्याचे पौंड विकतात. त्यामुळे वायद्याचा पौंड हजर पौंडापेक्षा स्वस्त होत जातो. हजर दर ४ वरच राहिला असे मानले, तर वायदा दर ४,०४० भागिले १,०१५, म्हणजे सुमारे ३.९८ डॉलर झाला की नफा संपतो. लंडनच्या जादा व्याजाने जे दिले, ते वायद्याच्या सवलतीने परत घेतले. यालाच आज ‘संरक्षित व्याजदर समता’ म्हणतात.

७/ येथे ‘संरक्षित’ हा शब्द महत्त्वाचा. स्वतः केन्स १९२० मध्ये युरोपीय चलने पडणार या अंदाजावर सट्टा खेळले. मे महिन्यात ती चलने तात्पुरती सावरली आणि त्यांचे भांडवल बुडाले. त्यांचे अनुमान पुढे बरेचसे खरे ठरले. पण तोवर थांबण्याइतका पैसा उरला नव्हता. वरच्या व्यवहारात अनुमानाला जागाच नाही.

८/ एप्रिल १९२२ मध्ये ‘मँचेस्टर गार्डियन कमर्शियल’च्या पुरवणीत आणि मग १९२३ च्या ‘अ ट्रॅक्ट ऑन मॉनेटरी रिफॉर्म’ या ग्रंथात केन्स यांनी हा सिद्धांत मांडला. सोबत अपवादही नोंदवला : वर्षाला सुमारे अर्धा टक्का नफा सुटल्याशिवाय बँका हालचाल करीत नाहीत. कारण या व्यवहाराला भांडवल लागते, समोरचा पक्ष करार पाळील असा विश्वास लागतो, आणि दोन्हींचा साठा मर्यादित असतो.

९/ या अपवादाचे गांभीर्य २००८ मध्ये उघड झाले. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्सने दिवाळखोरी जाहीर केली आणि बँका एकमेकींना डॉलर देईनाशा झाल्या. युरो देऊन, वायद्याच्या मार्गाने डॉलर मिळवणे हे डॉलरच्या अधिकृत व्याजदरापेक्षा कितीतरी महाग पडू लागले. कागदावर नफा समोर पडला होता. पण तो उचलण्यासाठी आधी डॉलर कर्जाऊ मिळायला हवेत, आणि तेच मिळत नव्हते.

१०/ अखेर ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने युरोपीय मध्यवर्ती बँकेसह काही मध्यवर्ती बँकांना डॉलर पुरवण्याची मर्यादाच काढून टाकली, आणि पुढे ती दरी हळूहळू अरुंद होत गेली.

११/ म्हणून जुन्या वृत्तपत्रांत हजर दर, वायदा दर आणि दोन्ही शहरांचे व्याजदर एकत्र सापडले, तर वरचा भागाकार करून पाहावा. उत्तर छापील वायदा दराशी जुळले, तर पैसा दोन शहरांत मोकळेपणाने वाहत होता असे समजावे. मोठा फरक राहिला, तर वाट कोठे अडली होती, याचा शोध घ्यावा : सरकारी निर्बंध, भांडवलाची टंचाई, की परस्परांवरचा अविश्वास.